लष्करच्या साड्या, इंदूरची वही : ऑक्टोबर २०२५ च्या हिशेबाच्या नोंदी

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आजपासून ग्वाल्हेरच्या वहिनींचे काम माझ्याकडे आले. शहराच्या लष्कर भागातल्या घरातूनच त्या चंदेरी साड्या विकतात. माल थेट चंदेरीहून येतो, मागची खोली हे गोदाम आणि विक्री एका मोठ्या ऑनलाइन पोर्टलवर. दिवाळीच्या महिन्यात त्यांनी पोर्टलवर एकच मालिका ठेवली होती, सगळ्या साड्या जीएसटीसह २,१०० रुपयांच्या. नव्या कामाच्या सुरुवातीला मला याचा फार उपयोग होणार आहे, कारण एका साडीचा हिशेब नीट समजला की सगळ्या महिन्याचा समजेल.

मी इंदूरला राजेंद्रनगरात, त्या तिकडे. ग्वाल्हेरला जाणे होणार नाही, म्हणून पहिल्याच फोनवर कागद कसे यायचे ते ठरवून घेतले. पोर्टलचा पासवर्ड त्यांनी मला द्यायचा नाही. विक्रेत्याच्या खात्यात दुसरा वापरकर्ता जोडता येतो आणि त्याला फक्त अहवाल पाहण्यापुरती परवानगी देता येते, तेवढीच मला पुरे. बँकेचे स्टेटमेंट त्या दर महिन्याच्या २ तारखेला ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये टाकतील. खरेदीची बिले आली की त्याच दिवशी मोबाइलने फोटो काढायचा. जीएसटीचा ओटीपी त्यांच्याच फोनवर येईल आणि रिटर्नवर त्यांचे सीए शेवटची नजर टाकतील. मी वही लिहिते, मेळ घालते आणि रिटर्नचे आकडे तयार करून देते.

आधीच्या हिशेबनिसाची टॅलीची फाइल रात्री उघडली. एप्रिलपासून दर आठवड्याला बँकेत पोर्टलचे पैसे आले की तेवढ्याच रकमेची विक्री लिहिलेली आहे. दुसरे काहीच नाही. कमिशन, पाठवणी, परत आलेली साडी, कापलेला कर, यांतल्या एकाचेही खाते नाही.

वहिनी म्हणाल्या, "अहो ताई, पण पैसे तर तेवढेच आले ना? मग विक्री जास्त कशी?" हा प्रश्न मला प्रत्येक नवा विक्रेता विचारतो. त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते. ते चार तारखेला देईन.

२ नोव्हेंबर, रविवार

पोर्टलवरून तीन अहवाल उतरवले : महिन्याचा कर-अहवाल, ज्यात प्रत्येक बिल आणि ग्राहकाचे राज्य असते, सेटलमेंटचा अहवाल, ज्यात प्रत्येक ऑर्डरवर काय दिले आणि काय कापले ते असते, आणि परतीचा अहवाल. चौथा कागद म्हणजे पोर्टलने वहिनींच्या नावाने फाडलेली कमिशन आणि पाठवणीची बिले. पुष्कळ विक्रेते ही बिले कधी उतरवतच नाहीत. त्यांवर १८ टक्के जीएसटी भरलेला असतो आणि तो पुढच्या करातून वजा करण्याचा, म्हणजे क्रेडिटचा, हक्क त्यातच असतो.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ऑक्टोबरचे चित्र हाती आले. १२० साड्या गेल्या, १८ परत आल्या. निव्वळ विक्री १०२ साड्यांची, म्हणजे जीएसटीसह २,१४,२०० रुपये. त्यात करपात्र मूल्य २,०४,००० आणि ५ टक्क्यांनी जीएसटी १०,२००.

पोर्टलची कापणी अशी : विकल्या गेलेल्या प्रत्येक साडीवर कमिशन आणि ठरावीक शुल्क मिळून २६०, पाठवलेल्या प्रत्येक साडीवर पाठवणीचे ८०, आणि परत आलेल्या साडीवर परतीच्या वाहतुकीचे आणखी १२०. एकूण ३८,२८० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६,८९०.४०.

याशिवाय दोन कर कापले जातात आणि त्यांची गल्लत होते. जीएसटीचा टीसीएस महिन्यातली विक्री वजा परती, अशा निव्वळ करपात्र मूल्यावर लागतो. १० जुलै २०२४ पासून त्याचा दर अर्धा टक्का आहे, त्याआधी एक टक्का होता. इथे तो १,०२० रुपये झाला. दुसरा आयकराचा, कलम १९४-ओ खालचा टीडीएस. त्याचा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का आहे आणि तो एकूण विक्रीवर कापतात. वहिनींच्या अहवालात तो पाठवलेल्या सगळ्या १२० साड्यांवर कापलेला दिसतो, २४० रुपये. पहिला जीएसटीच्या रोख खात्यात मिळतो, दुसरा वर्षाच्या आयकरात वजा होतो. दोन्ही वहिनींचेच पैसे आहेत, खर्च नव्हेत.

टॅलीत मी पोर्टलला ग्राहकासारखे येणे खाते दिले. सियागंजात धान्याच्या पेढीवर मी आठ वर्षे वही लिहिली, तिथे आडत्याचे खाते असेच असायचे. माल त्याच्यामार्फत जातो, तो आडत आणि हमाली कापून पैसे पाठवतो. म्हणून कोणी त्याने पाठवलेल्या पैशांना विक्री म्हणत नव्हते. पोर्टलचे ऑक्टोबरचे खाते असे उभे राहिले :

१ ऑक्टोबरची येणे बाकी : ४१,२५०.००
अधिक निव्वळ विक्री जीएसटीसह : २,१४,२००.००
वजा कमिशन व पाठवणी, जीएसटीसह : ४५,१७०.४०
वजा टीसीएस : १,०२०.००
वजा टीडीएस : २४०.००
वजा बँकेत आलेले : १,५८,४१५.६०
३१ ऑक्टोबरची येणे बाकी : ५०,६०४.००

वहिनींना हेच वाचून दाखवले. जुन्या पद्धतीने ऑक्टोबरची विक्री १,५८,४१५ धरली असती, म्हणजे करपात्र मूल्य दीड लाखाच्या आसपास. आणि त्याच महिन्याचे पोर्टल सरकारला २,०४,००० कळवणार आहे. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे एप्रिलपासून असंच झालंय?"

होय, एप्रिलपासून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

शेवटची बाकी खरी आहे का, हे पाहायचे आहे. ५०,६०४ हा आकडा वजाबाकीतून आला. वजाबाकी कुठल्याही चुकीला पोटात घेते, त्यामुळे ही रक्कम कुठल्या ऑर्डरींची बनली आहे ते दाखवता आले पाहिजे.

एका विकल्या गेलेल्या साडीवर हातात येतात ते असे : २,१०० वजा ३४० शुल्क, वजा त्यावरचा जीएसटी ६१.२०, वजा टीसीएस १०, वजा टीडीएस २. उरतात १,६८६.८०. बाकीला याने भागले तर बरोबर ३० साड्या येतात. म्हणजे ३१ ऑक्टोबरला ज्यांचे पैसे मिळायचे राहिले अशा ३० ऑर्डरी मला नावानिशी सापडायला हव्यात.

एका ऑर्डरच्या सेटलमेंटमध्ये अनेक ओळी असतात (विक्री, कमिशन, पाठवणी, परती), म्हणून ऑर्डर क्रमांकावर बेरीज घेण्यासाठी एक्सेलमध्ये हे सूत्र लावले :

```
=SUMIFS(Settlement!F:F, Settlement!A:A, A2)
```

उत्तर चुकले. माझ्या स्तंभाची बेरीज अहवालाच्या एकूण रकमेपेक्षा सुमारे सात हजारांनी जास्त निघाली. दोन तास त्यात गेले. पोर्टलचे ऑर्डर क्रमांक १८ आकडी आहेत आणि एक्सेल आकडा म्हणून फक्त पहिले १५ अंक जपतो. ते मला माहीत होते, म्हणून फाइल उघडताना तो स्तंभ मजकूर म्हणूनच घेतला होता. पण हे सूत्र तुलना करताना मजकुरातल्या आकड्यालाही पुन्हा आकडाच समजते. एकाच दिवशीच्या, पहिले १५ अंक सारखे असलेल्या ऑर्डरींना त्याने एकच मानले आणि प्रत्येकीसमोर सगळ्यांची बेरीज टाकली. दोन्ही पत्रकांत क्रमांकाआधी एक अक्षर जोडले आणि जुळणी त्या नव्या स्तंभांवर केली की झाले :

```
="K"&A2
```

आता बेरीज पैशापर्यंत जुळते आणि येणे असलेल्या ऑर्डरी मोजून ३० भरल्या. यापुढे कुठलीही जुळणी वापरण्याआधी स्तंभाची बेरीज अहवालाच्या बेरजेशी ताडायची, हे माझ्या महिन्याच्या यादीत पहिल्या ओळीवर लिहिले.

९ नोव्हेंबर, रविवार

परतीचा मेळ. वहिनींकडे एक लाल बांधणीची वही आहे. आलेले प्रत्येक परतीचे पाकीट त्या तिच्यात लिहितात, तारीख, ऑर्डर क्रमांक आणि साडीची अवस्था. मी पाहिलेल्या विक्रेत्यांपैकी फार थोडे जण हे करतात. पोर्टल म्हणते ऑक्टोबरात १८ परती. वहीत १६.

दोन साड्यांचे पैसे ग्राहकांना परत गेले, पण साड्या घरी आल्या नाहीत. त्या वाटेत असतील किंवा हरवल्या असतील. पोर्टलवर दाव्याला मुदत असते आणि ती गेली की विषय संपतो. आजच दोन्ही क्रमांक वहिनींना पाठवून दावे टाकायला सांगितले. सोबत पाठवणीच्या दिवशीचा पाकिटाचा वजनकाट्यावरचा फोटो. तो त्या नेहमी काढतात, हे आज कळले आणि फार बरे वाटले.

परत आलेली साडी नेमकी किती महाग पडते हेही आज त्यांना दाखवले. कमिशन परत मिळते, पण जातानाचे ८० आणि येतानाचे १२० मिळत नाहीत. त्यावर ३६ जीएसटी. म्हणजे हातातून २३६ जातात. त्यातले ३६ पुढे क्रेडिटने भरून येतात, पण २०० खरेच गेले. ऑक्टोबरच्या १८ परतींचे हे ३,६०० रुपये बँकेच्या स्टेटमेंटमध्ये कुठेच दिसत नाहीत.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचे रिटर्न, आज. वहिनी महिन्याचे रिटर्न भरतात. ग्राहक सगळे किरकोळ, म्हणून विक्री राज्यवार एकत्र जाते. मध्य प्रदेशातल्या ११ साड्यांवर सीजीएसटी आणि एसजीएसटी, बाकी ९१ वर आयजीएसटी. इथे माल कुठे पोचला ते राज्य धरायचे. ग्वाल्हेरच्या ग्राहकाने मागवून पुण्याच्या पत्त्यावर पाठवलेली साडी महाराष्ट्राची. पोर्टलमार्फत झालेली निव्वळ विक्री तक्ता १४ मध्येही वेगळी द्यावी लागते. ही तीच २,०४,००० ची रक्कम, पुन्हा दाखवायची, पुन्हा कर लागत नाही.

ऑक्टोबरात गेलेली पण नोव्हेंबरात परत आलेली साडी यात येत नाही. तिची क्रेडिट नोट नोव्हेंबरची आणि ती नोव्हेंबरच्या विक्रीतून वजा होईल. पोर्टलही टीसीएस त्याच पद्धतीने मोजते, त्यामुळे दोघांचे आकडे जुळतात. मागच्या महिन्यात हात घातला की ते कधीच जुळत नाहीत.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पोर्टलने १० तारखेपर्यंत भरायचे टीसीएसचे रिटर्न, जीएसटीआर-८, भरले आहे. जीएसटीच्या संकेतस्थळावर टीसीएस क्रेडिटच्या पानावर २,०४,००० आणि १,०२० दिसतात. माझ्या वहीत तेच. हे क्रेडिट आपणहून खात्यात येत नाही. विक्रेत्याने ते स्वीकारून भरले की मगच रोख खात्यात जमा होते. एप्रिल ते सप्टेंबरचे ३,४२० रुपये कोणी स्वीकारलेच नव्हते, तेही आज घेतले. ओटीपी वहिनींनी फोनवर सांगितला नाही, संकेतस्थळावर स्वतः टाकला. मी तसेच सांगून ठेवले आहे.

काल आलेल्या, खरेदीवरचे क्रेडिट दाखवणाऱ्या २बी पत्रकात पोर्टलच्या बिलांचे ६,८९०.४० पूर्ण दिसले.

आता जुने सहा महिने. पोर्टलने एप्रिल ते सप्टेंबर मिळून ६,८४,००० चे निव्वळ मूल्य कळवले आहे, वहिनींच्या रिटर्नमध्ये ५,०२,००० आहे. फरक १,८२,००० चा, त्यावर कर ९,१००. दुसऱ्या बाजूला याच सहा महिन्यांत पोर्टलच्या शुल्कावरचा २१,६०० रुपयांचा जीएसटी कधी मागितलाच नाही. म्हणजे कर कमी भरला आणि हक्काचे क्रेडिट त्याहून जास्त सोडले. आर्थिक वर्ष अजून चालू आहे, तेव्हा दोन्ही आता सुधारता येतात. जुन्या महिन्यांची विक्री पुढच्या जीएसटीआर-१ च्या दुरुस्तीच्या तक्त्यात दाखवता येईल. पण कर तोवर कशाला थांबवायचा? सीएंशी बोलले. त्यांचे म्हणणे, कर आणि व्याज याच महिन्यात भरून टाकू.

क्रेडिट हाताशी असले तरी उशिरा दाखवलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज लागते आणि व्याज रोखच भरावे लागते. सहा महिन्यांचा फरक सारखा वाटला गेला असे धरून मी अंदाज काढला तो ४८० च्या आसपास. नेमका हिशेब महिनावार फरकाने केला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

येणे असलेल्या ३० ऑर्डरींचा पाठपुरावा. २७ चे पैसे ४ आणि ११ तारखेच्या सेटलमेंटमध्ये पूर्ण आले. दोन साड्या नोव्हेंबरात परत आल्या, वहिनींच्या लाल वहीतही आहेत, त्यांच्या क्रेडिट नोटा लिहिल्या. एक ऑर्डर उरली. पोर्टलवर ती पोचल्याचे दिसते, पण पैसे नाहीत. तक्रार क्रमांक घेतला, खात्यात तिची १,६८६.८० ची बाकी तशीच उभी ठेवली. ऑर्डर बंद झाल्याशिवाय मी बाकी उडवत नाही, रक्कम कितीही लहान असो.

हरवलेल्यांपैकी एक साडी १२ तारखेला घरी आली. दुसरी अजून नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

३बी, म्हणजे महिन्याचा कर भरायचे रिटर्न, भरले आणि जुना करही भरला. ऑक्टोबरचा कर १०,२०० आणि जुना ९,१०० मिळून १९,३००, आणि क्रेडिट एकट्या पोर्टलच्या शुल्काचे २८,४९०.४०. आयजीएसटीचे क्रेडिट आधी आयजीएसटीला, मग मध्य प्रदेशातल्या विक्रीच्या सीजीएसटी-एसजीएसटीला लावले. व्याज टीसीएसच्या जमा रकमेतून गेले. वहिनींना खिशातून एक रुपया घालावा लागला नाही.

त्यांनी विचारले, उरलेले क्रेडिट परत मिळेल का? विक्रीवर ५ टक्के आणि शुल्कावर १८ टक्के, त्यामुळे ते लवकर संपणार नाही. पण दरांच्या अशा फरकापोटी परतावा मिळतो तो मालावरच्या कराचा, सेवांवरच्या नाही. कमिशन आणि वाहतूक या सेवा आहेत. ते क्रेडिट पुढच्या विक्रीवरच वापरायचे. चंदेरीच्या विणकरांकडून येणारा बराच माल नोंदणी नसलेल्यांचा असतो, तिथे खरेदीचे क्रेडिटच नसते, म्हणून हळूहळू ते वापरले जाईल.

२४ नोव्हेंबर, सोमवार

फीचे बोलणे. मी विक्रीच्या रकमेवर टक्केवारी घेत नाही. दोन हजारांची साडी लिहायला दोनशेच्या ओढणीपेक्षा जास्त वेळ लागत नाही. वेळ जातो तो ओळींमागे. विकून मोकळी झालेली ऑर्डर म्हणजे एक काम, परत आलेली म्हणजे दोन, दाव्याची म्हणजे तीन. म्हणून माझा दर असा : एका पोर्टलला, महिन्याला १५० कामांपर्यंत २,५०० रुपये, पुढच्या दर ५० कामांना ५००. दुसरे पोर्टल किंवा स्वतःची वेबसाइट जोडली तर १,००० जास्त, कारण तिचे येणे खाते आणि मेळ वेगळा. जुना महिना दुरुस्त करायचा असेल तर प्रत्येकी १,००० एकदाच. सीएंची फी यात नाही.

ऑक्टोबरची कामे १०२ आणि १८ दुणे ३६, दोन दाव्यांचे प्रत्येकी एक वाढीव, मिळून १४०. म्हणजे २,५००. जुन्या सहा महिन्यांचे ६,०००.

वहिनींना एक गोष्ट पटली नाही आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. "दिवाळीची परती नोव्हेंबरात येणार. विक्री कमी आणि तुमची फी जास्त, असं कसं?" काम खरेच नोव्हेंबरात असते, पण पैसा त्यांच्या हातात ऑक्टोबरात असतो. ठरले असे की कामांची तीन महिन्यांची सरासरी काढून फी घ्यायची. माझ्या इतर दोन विक्रेत्यांनाही जानेवारीपासून हेच लागू करणार आहे.

टॅली माझ्या संगणकावर आहे, वहिनींना ती दिसत नाही. झोहो बुक्ससारख्या ऑनलाइन सॉफ्टवेअरवर जायचे का, असे त्यांनी विचारले. त्यात दोघींना एकाच वेळी वही दिसते, हा मोठा फायदा. पण त्यांचे सीए टॅलीवर आहेत आणि मेळाचे खरे काम तसेही पत्रकातच होते. वर्ष संपेपर्यंत टॅली, आणि पोर्टलच्या येणे खात्याचे पत्रक गूगल शीटवर त्यांना रोज पाहता येईल असे ठेवले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

हरवलेल्या साडीचा दावा मंजूर झाला, १,४०० रुपये. साडीची खरेदी १,३०० ची. ही रक्कम मी विक्रीत घेतली नाही, भरपाईचे वेगळे खाते उघडले. हरवलेल्या मालावर घेतलेले क्रेडिट परत करावे लागते, म्हणून वहिनींना ती साडी कोणाकडची ते विचारले. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याची असती तर ६५ रुपये उलटवावे लागले असते. त्यांनी लाल वही उघडली, पदराची नक्षी फोनवर वर्णन करून सांगितली आणि म्हणाल्या, ही विणकराच्या घरून आणलेली. तेव्हा क्रेडिट घेतलेलेच नव्हते, उलटवायचे काही नाही.

पैसे न आलेली ती एक ऑर्डर अजून उभी आहे. डिसेंबरच्या यादीत सर्वांत वर.